कढईचे झाकण, पाण्याची बादली आणि विळी
(स्वयंपाकाची परीक्षा देणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी कुणी शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक करतात, कुणी खानावळीत आहेत, कुणी वसतिगृहाच्या भटारखान्यात आहेत. आता आपल्याला परीक्षा द्यायची आहे. ही परीक्षा चवीची नाही. भाजी कशी झाली हे परीक्षक नंतर पाहतील. आधी ते विचारतील, "आग लागली तर काय कराल? भाजले तर काय कराल? हात कापू नये म्हणून काय करता?" औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत स्वयंपाकाचा धंदा शिकवतात, तिथेही हेच धडे सुरुवातीला असतात. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे हातानेच काम केले, पण हाती कागद नाही, अशांच्या अनुभवाची परीक्षा घेतात, तिच्यातही हे प्रश्न असतातच.

आम्ही अनेक स्वयंपाकीण बायांची तोंडी परीक्षेची तयारी करून घेतली आहे. आमचे पाहणे असे, की काम सगळ्यांना येते. अडते ते क्रमापाशी. आधी काय आणि मग काय, हे परीक्षक विचारतात. सगळी उत्तरे बरोबर, पण क्रम उलटा, तर गुण जातात. खऱ्या कामात क्रम उलटा झाला तर गुण जाऊन भागत नाही, हात भाजतो. म्हणून आज आम्ही तुम्हांला फार गोष्टी सांगणार नाही. एकच प्रसंग घेऊ आणि तो पायरी पायरीने उलगडू.

प्रसंग असा. समजा, सकाळचे अकरा वाजले आहेत. मोठ्या चुलाण्यावर कढई आहे. कढईत पाच लिटर तेल आहे. भजी तळायची आहेत. बाई पीठ कालवायला वळल्या, तेवढ्यात दारात भाजीवाला आला, त्याचा हिशेब झाला. परत येऊन पाहतात तो कढईतून ज्वाळा निघत आहेत. आता पहिले काम कोणते?

पाणी का नको

हा प्रश्न आम्ही वर्गात विचारला, तर निम्म्या बाया म्हणतात, "पाणी ओतू." त्यांचा दोष नाही. लाकडाला आग लागली, गवताला लागली, तर पाणीच ओततो. लहानपणापासून पाहिलेले तेच हात करतो. पण तेलाच्या आगीत हीच सवय घात करते. का करते, ते एकदा समजले म्हणजे कायमचे ध्यानात राहील.

भजी तळायला तेल साधारण 170 ते 190 अंश तापलेले लागते. पाणी 100 अंशाला उकळते, हे तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचले आहे. म्हणजे तळणीचे तेल उकळत्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट तापलेले असते. पेटलेले तेल तर तीनशे अंशांच्याही पुढे गेलेले असते. त्यात पाणी पडले की काय होते? पाणी तेलापेक्षा जड. ते वर राहत नाही, तेलाच्या खाली जाते. खाली गेले की क्षणात त्याची वाफ होते. आणि वाफेला पाण्यापेक्षा सुमारे सतराशे पट जागा लागते. एक लहान पेला, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी घ्या. त्याची वाफ सुमारे 340 लिटर होते. वीस लिटरचे सतरा डबे भरतील एवढी! एवढी वाफ कढईच्या तळातून एकदम वर उसळते. येताना जळते तेल बारीक थेंबांनी वर फेकते. थेंबाथेंबाला हवा मिळते, प्रत्येक थेंब पेटतो, आणि ज्वाळेचा लोळ छपरापर्यंत जातो. ज्याने पाणी ओतले तो कढईसमोरच उभा असतो. त्याचे तोंड आणि हात त्या लोळात सापडतात.

म्हणून परीक्षेत "तेलाच्या आगीवर कधीही टाकू नये ते काय?" असे विचारले, तर उत्तर "पाणी." ओले फडके टाकणेही त्याच कारणाने धोक्याचे. फडक्यातून पाणी ठिबकते. पीठही नको. बेसन किंवा मैदा हवेत उडाला की त्याचा कण न् कण पेटतो. वाळूची बादली असेल, तर ती जमिनीवर सांडून पेटलेल्या तेलासाठी ठेवा. कढईत वाळू फेकली तर तेल बाहेर उडते.

आधी गॅस, मग झाकण

मग करायचे काय? तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, खालची आच बंद करायची. शेगडीची कळ हाताशी येत असेल तर ती फिरवायची. कळ ज्वाळेच्या आड असेल, तर तिकडे हात घालायचा नाही. सिलिंडरच्या तोंडावरची रेग्युलेटरची कळ बंद करायची. सिलिंडर बाहेर किंवा कढईपासून दूर ठेवायचा तो याचसाठी. लाकडाच्या चुलीवर काम असेल तर जळती लाकडे ओढून काढण्याची घाई करू नका. कढईला धक्का लागेल.

दुसरी पायरी, झाकण घालायचे. आग जगते ती हवेवर. हवा तोडली की ज्वाळा मरते. झाकण धातूचे हवे आणि कढईच्या तोंडापेक्षा मोठे हवे. ते वरून टाकायचे नाही. वरून टाकले की हात ज्वाळेवर येतो, तेलही उडते. झाकण ढालीसारखे आपल्यापुढे धरायचे, जवळच्या काठावर टेकवायचे आणि पलीकडे सरकवत न्यायचे. असे केल्याने ज्वाळा पलीकडे वळते, आपण झाकणाआड राहतो. कोरड्या जाड फडक्याने किंवा चिमट्याने झाकण धरावे. पदर कमरेला घट्ट खोचलेला असावा.

तिसरी पायरी फार सोपी आणि फार अवघड आहे. काहीच करायचे नाही. कढई हलवायची नाही, उचलून अंगणात न्यायची नाही, झाकण उघडून "विझली का?" म्हणून पाहायचे नाही. तेल अजून तेवढेच तापलेले असते. झाकण उचलले की हवा शिरते, आणि विझलेले तेल काडी न लावता पुन्हा पेटते. पाच लिटर तेल निवायला अर्धा तासही पुरत नाही. झाकणाला बाहेरून हात लावून सोसवेल, तोवर ते बंदच ठेवावे.

आता आम्ही तुम्हांला एक प्रश्न विचारतो. त्या बाईंना झाकण सापडेल का? ज्वाळा दिसल्यावर झाकण शोधायला गेले तर ते सापडत नाही. भातावर असते, मांडणीवर असते, घासायला टाकलेले असते. आणि हाताशी असते काय? पाण्याची बादली. म्हणून माणूस बादली उचलतो. बाया पाणी ओततात त्या अज्ञानानेच ओततात असे नाही. पुष्कळदा जे हाताशी असते तेच ओततात. म्हणून आमचा नेम असा, की झाकण कढईशेजारी आल्याशिवाय तेलाखाली काडी लावायची नाही. आणि पाण्याची बादली तळणीच्या जागेजवळ ठेवायची नाही. तोंडी परीक्षेत हे वाक्य आपणहून सांगा. परीक्षकाला कळेल की ही बाई पाठ करून आलेली नाही.

आग लागण्याआधी तेल सूचना देते. तळणीच्या तेलावर लाटेसारखी चमक दिसते, तोवर ठीक. मग निळसर पातळ धूर निघू लागतो, डोळे चुरचुरतात, जळका वास येतो. रिफाइंड तेलाला हा धूर साधारण 220 अंशांच्या पुढे येतो. पुन्हा पुन्हा वापरलेल्या तेलाला लवकर येतो. धूर दिसला की आच बंद करा. एवढे केले तर पुढचे काही करावेच लागत नाही. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. आणि तेल चुलीवर असताना दारात भाजीवाला आला, तर त्याला थांबायला सांगावे, नाहीतर गॅस बंद करून जावे. आपल्या प्रसंगात चूक झाली ती इथे.

आता मर्यादा. ज्वाळा कढईबाहेर गेली, भिंतीवरचा तेलकट थर किंवा छप्पर पेटले, म्हणजे झाकणाचे काम संपले. मग एकच काम, माणसे बाहेर काढायची. आधी मुले. दार ओढून घ्यायचे, परत आत जायचे नाही, आणि अग्निशामक दलाला 101 किंवा 112 वर फोन करायचा. तामिळनाडूत कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागून वर्गांत पोहोचली. 94 मुले दगावली. छपरापर्यंत गेलेल्या आगीशी झुंजत बसू नये, हे शाळेतल्या स्वयंपाकीण बाईने कधी विसरू नये.

भिंतीवर लाल नळकांडे असते, त्याविषयी विचारतात. ते चालवायची रीत चार कामांची. खिळा ओढा, तोंड आगीच्या बुडाकडे धरा, मूठ दाबा, आणि डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखे फिरवा. पण प्रत्येक नळकांडे तेलासाठी नसते. ज्यात नुसते पाणी आहे, ते कढईवर कधीच वापरू नये. तळणीच्या तेलासाठी जे नळकांडे येते त्यावर 'एफ' वर्ग लिहिलेले असते, अमेरिकेत 'के'. आपल्या स्वयंपाकघरातल्या नळकांड्यावर काय लिहिले आहे, ते आता तुम्हांला वाचता येते. उद्याच वाचून पाहा.

भाजले तर वीस मिनिटे

प्रसंग पुढे नेऊ. बाईंनी गॅस बंद केला, झाकणही घातले. पण घालताना तेल उडाले आणि उजव्या हाताच्या पंजावर व मनगटाच्या वर पडले. आता काय?

इथेही हात सवयीने धावतो. कुणी हळद लावतो, कुणी तूप, कुणी दातांची पेस्ट, कुणी शाई, कुणी बटाटा किसून बांधतो. यातले काहीही लावायचे नाही. लावायचे एकच, साधे थंड वाहते पाणी. तेलाच्या आगीवर पाणी नको, पण तेलाने भाजलेल्या हातावर पाणीच हवे. हे दोन नियम उलटसुलट होऊ देऊ नका. परीक्षकही मुद्दाम ते शेजारी शेजारी विचारतात.

पाणी किती वेळ? वीस मिनिटे. पुष्कळ जण मिनिटभर हात धरतात, बरे वाटले की काढतात. ते पुरत नाही. चूल विझवली तरी तवा बराच वेळ तापलेला राहतो, त्यावर पाणी शिंपडले तर चरचरते. कातडीचे तसेच आहे. तेल निघून गेले तरी आत शिरलेली ऊब खालच्या थरांना जाळत राहते. वीस मिनिटांत ती ऊब पाण्याबरोबर निघून जाते. जखम उथळ राहते, व्रण कमी पडतो. घड्याळ पाहूनच मोजा. दुखणाऱ्या माणसाला दोन मिनिटे दहा वाटतात. आणि भाजून थोडा वेळ गेला असेल, तरी आता काय उपयोग असे म्हणू नका. तीन तासांच्या आत पाणी धरले तरी फायदा होतो.

पाणी धरता धरता बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. थोड्या वेळाने हात सुजतो, मग बांगडी निघत नाही आणि रक्त अडते. कापड तेलाने भिजले असेल तर दूर करा. पण कातडीला चिकटले असेल तर ओढू नका. बर्फ लावू नका. बर्फाने कातडीच्या शिरा आखडतात, रक्त येत नाही आणि जखम खोल जाते. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर भाजलेल्या भागावरच पाणी घाला आणि बाकी अंग चादरीने ऊबदार ठेवा. लहान मुलाचे अंग फार लवकर गार पडते.

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येते. वीस मिनिटे धार कुठून आणायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचा हिशेब करू. एक लिटरचा तांब्या घ्या आणि अर्ध्या मिनिटात तो सावकाश रिकामा होईल अशी धार धरा. मिनिटाला दोन तांबे, वीस मिनिटांत चाळीस. म्हणजे चाळीस लिटर, पंधरा लिटरच्या तीन बादल्या. पिण्याचे पाणी भरून, झाकून, त्या तीन बादल्या दाराजवळ ठेवा. वर खडूने लिहा, "भाजल्यास." दाराजवळच का, हे मघाशी सांगितले. कढईशेजारी ठेवल्या तर त्या आगीवर जातील.

वीस मिनिटे झाल्यावर जखम झाका. स्वच्छ, धुतलेले, सुती, दोरे न सुटणारे कापड सैल ठेवा. स्वयंपाकघरात डब्यावर ताणून लावायचा पातळ प्लॅस्टिकचा कागद असेल, तर त्याचा पहिला वेढा टाकून द्या आणि पुढचा तुकडा जखमेवर लांबीने ठेवा. हाताभोवती गुंडाळू नका, सूज आली की तो आवळतो. फोड आले तर फोडू नका. फोडाची कातडी हीच निसर्गाची पट्टी आहे.

पेस्ट आणि हळद का नको, तेही समजून घ्या. एक तर त्यांच्या थराखाली ऊब कोंडते. दुसरे, स्वयंपाकघरातली हळद, तूप निर्जंतुक नसते, आणि भाजलेल्या जागी कातडीचा आडोसा राहिलेला नसतो. तिसरे, डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते दिसत नाही. मग ते तो थर खरवडून काढतात, आणि तेव्हाच्या वेदना भाजतानाच्या वेदनांपेक्षा कमी नसतात.

डॉक्टरकडे केव्हा जायचे? मोजायला माप आपल्याजवळच आहे. ज्याला भाजले त्याचा स्वतःचा तळहात, बोटे मिटून, म्हणजे त्याच्या अंगाचा शंभरातला एक भाग. फोड आलेली जागा तळहाताहून मोठी असेल तर दवाखान्यात न्या. जागा लहान असली तरी चेहरा, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल तर न्या. आणि एक लक्षण फसवे आहे. जागा पांढरी, राखाडी किंवा काळी पडली आणि दुखतच नाही, तर माणूस म्हणतो, "फारसे लागले नाही." उलट आहे. दुखणे सांगणाऱ्या नसाही जळल्या, म्हणून दुखत नाही. असा माणूस आधी न्यावा. रुग्णवाहिकेसाठी 108.

आपल्या बाईंचे पाहू. पंजाची मागची बाजू आणि मनगटाच्या वरचा भाग, मिळून दोन तळहात. म्हणजे शंभरात दोन भाग. आकडा लहान दिसतो, पण जागा एका तळहाताहून मोठी आणि हातावरची. दोन्ही कारणांनी दवाखाना. आधी वीस मिनिटे पाणी, मग दवाखाना. पाणी सोडून आधी गाडी शोधत बसू नका. एक जण पाणी घालील, दुसरा गाडी पाहील.

पदराने पेट घेतला तर? पळायचे नाही. पळाले की वारा लागतो आणि ज्वाळा तोंडाकडे चढते. जागीच थांबा, जमिनीवर आडवे व्हा, चेहरा हाताने झाका आणि लोळा. दुसऱ्याने घोंगडी किंवा जाड सुती चादर गळ्यापासून खाली टाकावी. नायलॉनची चादर नको, ती वितळून अंगाला चिकटते. तळणीला उभे राहताना नायलॉनची साडी नेसू नये, तीही याच कारणाने. ज्वाळा विझली की पाणी, पुन्हा वीस मिनिटे.

विळी आणि सुरी

आता शेवटचा भाग. आगीचा प्रसंग वर्षातून एखादा, पण हात कापण्याचा प्रसंग आठवड्याला येतो. म्हणून परीक्षक विळी किंवा सुरी प्रत्यक्ष हातात देतात, पाच कांदे देतात, आणि बोलत नाहीत, नुसते पाहतात. ते काय पाहतात, ते सांगतो.

पहिले, पाते. बोथट पाते सुरक्षित असते असा समज आहे. तो चुकीचा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती कांद्याच्या सालीवरून घसरते, आणि घसरली की सगळ्या जोराने बोटावर येते. टोमॅटोची साल जोर न लावता कापली गेली तर धार ठीक. धार बोटावर घासून पाहू नका.

दुसरे, पाट. ज्या पाटावर चिरायचे तो सरकता कामा नये. पाटाखाली पिळलेले ओले फडके पसरा. पाट जागचा हलत नाही.

तिसरे, न कापणारा हात. पुष्कळ जण सुरीकडे पाहतात. अहो, सुरी कापत नाही, बोट पुढे असते म्हणून ते कापले जाते! ज्या हाताने भाजी धरली त्याची बोटे मांजराच्या पंजासारखी आत वळवा. नखे मागे, पेरे पुढे, अंगठा बोटांच्या मागे. सुरीचे पाते पेराला घासत खाली येते आणि पेरापेक्षा वर उचलायचे नाही. मग बोट पात्याखाली जाऊच शकत नाही. गोल भाजी आधी मधोमध कापून चपटी बाजू खाली ठेवा. गोल कांदा गडगडतो, म्हणून बोट सापडते.

विळीचे थोडे वेगळे आहे. सुरीत पाते हलते, विळीत भाजी हलते. म्हणून विळीवर पाट पायाने घट्ट दाबून बसायचे, आणि शेवटचा लहान तुकडा पात्यावर ढकलायचा नाही, तो बाजूला ठेवून नंतर सुरीने चिरायचा. उठायचे झाले, मग ते मिनिटभरासाठी का असेना, विळी आडवी पाडून उठायचे. विळी ओलांडून कुणी जायचे नाही. शाळेत मुले धावत येतात, हे ध्यानात ठेवा.

चौथे, पडणारी सुरी. हातातून सुरी सुटली की ती झेलायची नाही. दोन्ही हात वर करून एक पाऊल मागे व्हायचे. परीक्षक कधी कधी मुद्दाम विचारतात, "सुरी पडली तर?" "उचलीन" हे अर्धे उत्तर आहे. "मागे सरकेन, ती थांबली की उचलीन, धुऊन घेईन," हे पुरे उत्तर. आणि साबणाच्या पाण्याच्या परातीत सुरी बुडवून ठेवू नका. दुसरी बाई भांडी घासायला हात घालते आणि तिचे बोट कापते.

तरीही कापले तर? हळद भरायची नाही. रक्त थोडे असेल तर वाहत्या पाण्याखाली धुवा. वाहत असेल तर आधी दाब. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दुसऱ्या हाताने घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा, आणि दहा मिनिटे मुळीच उघडून पाहू नका. दर मिनिटाला उघडले की नुकतीच धरलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होते. कापड भिजले तर ते काढू नका, त्यावर दुसरे ठेवा. बोटाला सुतळी आवळून बांधू नका. दहा मिनिटांनी रक्त थांबले नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या, किंवा पुढचे बोट बधिर झाले वा वळेना, तर टाके घालायला दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या लशीविषयीही तिथे विचारा.

बोटाचा तुकडा सुटून पडला असेल तर तो फेकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नका. तो माणसाबरोबरच पाठवा.

एक गोष्ट स्वयंपाक्याच्या धंद्याची. रक्त पडलेली भाजी टाकून द्या, पाट आणि पाते साबणाने धुवा. जखमेवर पट्टी, पट्टीवर हातमोजा, मगच कामाला हात. मोठ्या भटारखान्यांत निळ्या रंगाची पट्टी वापरतात. का? निळ्या रंगाचा पदार्थ ताटात सहसा नसतो, म्हणून पट्टी सुटून पडली तर लगेच दिसते. हा प्रश्न लेखी परीक्षेत येतो.

लेखी परीक्षेविषयी

लेखी परीक्षेत एका प्रश्नाखाली चार उत्तरे असतात, एकावर खूण करायची. घाईने पहिले बरोबर दिसलेले उत्तर धरू नका. उदाहरण घ्या. "कढईतल्या तेलाने पेट घेतला. प्रथम काय कराल? एक, झाकण घालीन. दोन, गॅस बंद करीन. तीन, पाणी ओतीन. चार, कढई बाहेर नेईन." यात एक आणि दोन, दोन्ही कामे करायचीच आहेत. पण शब्द आहे "प्रथम." म्हणून दोन. हाच प्रश्न असाही येतो, की "गॅसची कळ ज्वाळेआड आहे आणि हात पोहोचत नाही." मग कळीकडे हात घालणे चूक, सिलिंडरकडची कळ बंद करणे बरोबर. म्हणून प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. "प्रथम", "कधीही नाही" आणि "सोडून" हे तीन शब्द दिसले की त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा, मग उत्तराकडे वळा.

उद्या सकाळी कामावर गेल्यावर, तेलाखाली काडी लावण्याआधी, तीन गोष्टी पाहा. कढईचे झाकण शेजारी आहे का? पाण्याच्या बादल्या दाराजवळ आहेत का? रात्री विळी आडवी पाडून ठेवली होती का? तिन्हींचे उत्तर "हो" असेल तर काडी लावा. नसेल तर आधी झाकण आणा, भाजीवाल्याला थोडे थांबू द्या.